कोपऱ्यातले नऊ

सोळा हे उत्तर बरोबर होतं आणि मी नेमकी तिथेच फसले.

झालं असं की दहावीच्या वर्गाला मी पूर्ण वर्ग पद्धतीचा व्हिडिओ आदल्या दिवशी घरी बघायला दिला होता आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिरतानाच प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर एकच प्रश्न, x² + 8x मध्ये किती मिळवलं की पूर्ण वर्ग होईल? बहुतेकांनी १६ लिहिलेलं. मी खूश. म्हटलं चला, पोरांनी बघितलं, पोरांना कळलं, आता थेट उदाहरणांना हात घालू. दहा मिनिटांत वर्ग गडगडला, x² + 6x आलं तर अर्धा वर्ग १२ मिळवून बसला. एका पोराला विचारलं, बाबा रे बारा कुठून आणलेस, तर तो इतक्या साधेपणाने म्हणाला, "मॅडम, मघाशी आठचे सोळा केले ना, तसे सहाचे बारा."

म्हणजे त्याने दुप्पट केली होती. आठच्या निम्मे चार आणि चारचा वर्ग सोळा, ही खरी वाट. आठ दुणे सोळा, ही त्याची वाट. दोन्ही वाटा एकाच उत्तराला जातात आणि मी प्रश्न असा निवडला होता की चुकलेला पोरगा आणि समजलेला पोरगा चिठ्ठीवर सारखेच दिसावेत. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी पाठीमागच्या पानावर सगळे आकडे लिहून काढले. x² + 4x घेतलं तर खरं उत्तर ४, आणि ज्याने काहीच न करता सहगुणकच उचलून ठेवला त्याचंही उत्तर ४. आणखी वाईट. x² + 8x चं वर सांगितलंच. x² + 6x घेतलं तर मात्र खरं उत्तर ९, नुसते निम्मे केले तर ३, निम्मे न करता वर्ग केला तर ३६, दुप्पट केली तर १२, सहगुणक उचलला तर ६. चार पोरं चार प्रकारे चुकू शकतात आणि चारही वेगळी दिसतात. तेव्हापासून दाराशी विचारायचा प्रश्न सहाचा, आणि व्हिडिओत करून दाखवायचं ते दहाचं. हा एवढा एक बदल करायला मला एक अख्खं वर्ष लागलं हे सांगायला जरा लाजच वाटते.

फ्लिप्ड क्लासरूम हा शब्द आमच्याकडे प्रशिक्षणात आला. मोठ्या हॉलमध्ये पंखे फिरतायत, स्लाइडवर दोन बाण, एक घराकडे एक शाळेकडे, जे वर्गात करायचं ते घरी आणि जे घरी करायचं ते वर्गात, झालं. चहा. हे ज्यांच्यामुळे नावारूपाला आलं ते जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क नावाच्या गावच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचे, २००७ च्या सुमारास त्यांनी धडे रेकॉर्ड करायला घेतले ते मुळात गैरहजर राहणाऱ्या पोरांसाठी, खेळाच्या मॅचेस वगैरेसाठी बुडणाऱ्या तासांसाठी. हे मला नंतर वाचताना कळलं आणि मला ते फार पटलं, कारण त्यात कुठेही क्रांती वगैरे नव्हती, एक साधी अडचण होती. प्रशिक्षणात मात्र व्हिडिओवरच सगळा भर. कोणता अॅप, कोणता माइक, पाठीमागे काय दिसावं. व्हिडिओ बघून आलेल्या पोरांचं वर्गात करायचं काय, यावर एक स्लाइड नव्हती.

माझा पहिला व्हिडिओ १४ मिनिटांचा होता. फोन बाकावर टेकवून फळ्याचं शूटिंग. व्याख्या, मग पाठ्यपुस्तकातलं ते वाक्य की तिसरं पद म्हणजे x च्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग, मग तीन सोडवलेली उदाहरणं, शेवटी स्वाध्याय. म्हणजे मी वर्गात जे करते तेच, फक्त पोरांना मला थांबवून प्रश्न विचारायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं किती जणांनी बघितला, सगळे हात वर. पूर्ण किती जणांनी, निम्मे खाली. मग मी काय केलं, तर जे कुठलाही मास्तर करेल तेच केलं, म्हटलं बरं, थोडक्यात परत सांगते. थोडक्यात म्हणत २० मिनिटं सांगितलं. ज्यांनी रात्री जागून बघितला होता ती पोरं कंटाळून वहीच्या मागे चित्रं काढत बसली, आणि ज्यांनी नव्हता बघितला त्यांना कळलं की बघायची काही गरजच नाही, मॅडम सांगतातच. पुढच्या व्हिडिओला बघणारे आणखी कमी झाले, साहजिकच आहे. मीच त्यांना शिकवलं ना तसं.

मी एकदा फोन टेबलावर ठेवून माझाच तास रेकॉर्ड केला, फक्त आवाज. ३५ मिनिटांच्या तासात मी २६ मिनिटं बोलत होते. तास उलटा केलाय म्हणून सगळ्यांना सांगत होते आणि बोलत होते २६ मिनिटं! आपला तास खरंच उलटलाय की नाही हे तपासायची याहून सोपी पट्टी मला अजून सापडली नाही, ऐकताना अंगावर काटा येतो ते सोडा.

मग मी आधी वर्ग ठरवायचा आणि मग त्यातून व्हिडिओ काढायचा असं उलटं सुरू केलं. पोरांनी वर्गात बसून, एकमेकांशी भांडत, माझ्या डोळ्यादेखत काय करावं असं मला वाटतं? तर x² + 6x = 16 सारखं समीकरण घेऊन ते सोडवावं, चुकावं, आणि −8 हे उत्तर कुठून आलं यावर डोकं खाजवावं. हे करायला त्यांच्याकडे येताना काय असायला हवं? फक्त एक चित्र. रीत नको, पायऱ्या नकोत, सोडवलेलं उदाहरण तर अजिबात नको, कारण ते दिलं की पोरं त्याची नक्कल करून आणतात आणि मग वर्गात करायला उरतं काय.

चित्र असं. x बाजूचा एक चौरस कागद. त्याला x लांबीच्या आणि १ रुंदीच्या दहा पट्ट्या. म्हणजे x² + 10x. आता दहा पट्ट्यांतल्या पाच उजवीकडे लावायच्या, पाच खाली लावायच्या. जवळजवळ चौरस होतो पण एक कोपरा रिकामा राहतो, तो पाच बाय पाचचा. बस. व्हिडिओ तिथेच संपतो. माझं शेवटचं वाक्य, "हा कोपरा भरायला किती चौकटी लागतील ते मोजा, आणि उद्या येताना x² + 6x चं असंच चित्र वहीत काढून आणा." कोपऱ्यात २५ लागतात हेसुद्धा मी सांगत नाही. कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये सांगून टाकलं होतं, सवयीने, मग ते कापलं.

ही आयडिया माझी नाही हे उघड आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिज्मीने हेच दहाचं उदाहरण घेतलंय, x² + 10x = 39, आणि असाच कोपरा भरून सोडवलंय. ३९ मध्ये २५ मिळवले की ६४, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातून ५ गेले, x = 3. दुसरं उत्तर −13, ते त्याने घेतलंच नाही, आणि का घेतलं नाही हे चित्राकडे बघितलं की कळतं, उणे तेरा लांबीची बाजू कागदावर कापणार कशी! हे मी पोरांना व्हिडिओत सांगत नाही, वर्गासाठी राखून ठेवते, पुढे सांगते का ते.

आता व्हिडिओची लांबी. ५ मिनिटं ४० सेकंद. लोक म्हणतात सहा मिनिटांच्या आत ठेवा, तो आकडा एडएक्सच्या ऑनलाइन कोर्सेसवरच्या २०१४ च्या एका अभ्यासातून फिरत फिरत सगळीकडे आलाय, पण तिथे स्वतःहून कोर्स लावलेली माणसं होती, ती काही नाशिकच्या सिडकोतली पंधरा वर्षांची पोरं नव्हेत जी आईच्या फोनवर भाजीवालीचा फोन येऊन कट होईपर्यंत बघणार. माझी लांबी ठरली ती दुसऱ्याच कारणाने. आमच्या वर्गात बऱ्याच घरी फोन एकच आणि तो वडिलांकडे, आणि वडील सातपूरला नाहीतर अंबडला एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. फोन घरी येतो रात्री साडेअकराला. मग पोरगं बघणार कधी, तर सकाळी सात वाजता, वडील झोपलेले असताना, आवाज बारीक करून, शाळेचं दप्तर भरता भरता. त्या वेळात १४ मिनिटं बसत नाहीत. म्हणून व्हिडिओ आदल्या दिवशी न टाकता दोन दिवस आधी टाकायचा, म्हणजे दोन सकाळी मिळतात. आणि लिंक न पाठवता फाइल पाठवायची, एकदा उतरली की नेट संपलं तरी परत बघता येते. दिंडोरी रोडकडून येणारी काही पोरं आहेत, त्यांच्याकडे नेटपेक्षा लाइटचाच भरवसा कमी.

रेकॉर्डिंग म्हणजे काय तर स्वयंपाकघरातला ओटा. दोन सारख्या उंचीचे स्टीलचे डबे, त्यावर आडवी लाकडी फूटपट्टी, त्यावर फोन उलटा, कॅमेरा खाली. खाली चौकटीची वही आणि कागदाच्या पट्ट्या. माझा चेहरा नाही, फक्त हात. ट्यूबलाइटखाली केलं तर हाताची सावली नेमकी त्या कोपऱ्यावर पडते ज्याच्याकडे बघायला आपण सांगतोय, म्हणून सकाळी खिडकीशी. पंखा बंद. जाड स्केचपेन, कारण पोरं बघतात तो स्क्रीन हाताच्या तळव्याएवढा आणि बहुतेक वेळा तडकलेला. शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी माझ्या व्हिडिओत आहे, ती मी ठेवलीय, पोरं त्या शिट्टीची नक्कल करतात आणि त्यावरून मला कळतं कोणी शेवटपर्यंत बघितलं, कारण ती शिट्टी पाचव्या मिनिटाला आहे.

"इथे व्हिडिओ थांबवा आणि वहीत काढा" असं सांगून कोणीही व्हिडिओ थांबवत नाही. मी विचारलं तेव्हा पोरं प्रामाणिकपणे म्हणाली, कशाला थांबवायचं, पुढे तुम्ही सांगणारच ना. मग मी मध्येच वीस सेकंद गप्प राहून बघितलं, तर तीन पालकांचे मेसेज आले की व्हिडिओ अडकतोय. आता मी म्हणते, "मी वीस मोजते, तोवर पाच पट्ट्या कुठे लावाल ते काढा" आणि खरंच मोजते, एक, दोन, तीन. वेड्यासारखं वाटतं ओट्यासमोर उभं राहून मोजताना. पण वह्यांमध्ये चित्रं यायला लागली.

आता वर्ग. दाराशी मी उभी, हातात बुटाच्या खोक्याचं झाकण, चिठ्ठ्या त्यात. चिठ्ठीवर दोन गोष्टी. x² + 6x च्या कोपऱ्यात किती, आणि व्हिडिओत कुठे मागे जाऊन परत बघावं लागलं. दुसऱ्या प्रश्नाला "कुठेच नाही" लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पहिल्याला ३६ लिहिलेलं असतं, हा माझा फार आवडता शोध आहे. हजेरी घेता घेता मी चिठ्ठ्यांचे ढीग लावते, नऊवाले, तीनवाले, छत्तीसवाले, बारावाले, कोरे. चार मिनिटांत होतं. वाचायचं नाही, फक्त आकडा बघून टाकायचं. आणि ढिगांवरून बाकं.

कोऱ्यांचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक शिक्षक विचारतो. कोरे मागच्या बाकावर, तिथे माझा जुना लॅपटॉप, त्यावर तोच व्हिडिओ. सहा मिनिटं तिथे बसून बघायचा, चिठ्ठी भरायची आणि मग आपल्या ढिगात जायचं. ओरडणं नाही, "घरी काय करत होतास" नाही, कारण मला माहितीये घरी काय असतं. पण मी फळ्यावर परत सांगत नाही, मेले तरी नाही. पहिल्या दोन वेळी मागे चौदा पंधरा पोरं होती, एका लॅपटॉपवर मधमाश्यांसारखी चिकटलेली. हळूहळू चार पाचवर आली. ती चार पाच कायम राहतात, त्यांच्या घरी फोनच नाही किंवा सकाळी पाणी भरायचं असतं, आणि त्यांच्यासाठी लॅपटॉप हीच खरी सोय, शिक्षा नाही.

तीनवाल्यांना पुठ्ठे द्यायचे. लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे, एक मोठा चौरस, सहा पट्ट्या, मूठभर १ सेंटिमीटरच्या चौकटी. इथे एक बारकावा. मी पहिल्यांदा चौरसाची बाजू ७ सेंटिमीटर घेतली होती, तर एका हुशार पोराने चौकटी लावून मोजलं आणि जाहीर केलं x बरोबर सात. त्याचं काय चुकलं, पुठ्ठा तसाच होता. आता बाजू ७.३ सेंटिमीटर. चौकटी लावून बघतात, सात बसतात आणि थोडं उरतं, आठवी बसत नाही, मग मोजणं सोडून देतात आणि x ला x म्हणतात. तर तीनवाले पट्ट्या तीन इकडे तीन तिकडे लावतात, कोपऱ्यात तीन चौकटी ठेवतात आणि स्वतःच बघतात की भोक राहिलंय. मला काही बोलावं लागत नाही. दोन मिनिटांत ती पोरं नऊवाली होतात.

छत्तीसवाल्यांचं दुखणं वेगळं. ती सहाच्या सहा पट्ट्या एकाच बाजूला लावतात. निम्मे का करायचे हेच त्यांना पटलेलं नसतं, कारण व्हिडिओत मी पाच पाच लावल्या ते त्यांनी बघितलं पण का ते बघितलं नाही. त्यांना एकच सांगायचं, "मला चौरस करून दाखवा." लांबुळका आयत होतो, पट्ट्या हलवतात, चार दोन करून बघतात, मग तीन तीन. निम्मे करणं ही पुस्तकातली आज्ञा नसून दोन्ही बाजू सारख्या ठेवायची गरज आहे, हे हातानेच कळतं. बारावाल्यांना मी स्वतः जाऊन बसते, कारण दुप्पट कुठून आली हे दर वेळी वेगळं असतं. बहुतेक वेळा ती (a + b)² मधल्या 2ab ची अर्धवट आठवण असते. दोन कुठेतरी आहे एवढं लक्षात, गुणायचे की भागायचे ते विसरलेलं.

नऊवाले तोपर्यंत x² + 6x − 16 = 0 वर असतात. सोळा पलीकडे, x² + 6x = 16. कोपऱ्यात नऊ भरले, आणि इथे हमखास चूक येते, (x + 3)² = 16 लिहितात. एका बाजूला नऊ घातले, दुसऱ्या बाजूला विसरले. पूर्वी मी म्हणायचे "दोन्ही बाजूंना मिळवा, नियम आहे". आता चित्रावर बोट ठेवून विचारते, कोपरा भरायच्या आधी हा सगळा आकार किती चौकटींचा होता? सोळा. त्यात नऊ टाकल्या, आता किती? पंचवीस. मग ही नऊ चौकटी फुकट आल्या का रे? पोरगं खोडरबर शोधतं. (x + 3)² = 25, बाजू ५, x + 3 = 5, x = 2. सगळे खूश, वह्या मिटतात.

आणि मग मी वर्गासमोर एवढंच म्हणते, −8 टाकून बघा.

हा तासाचा जीव आहे आणि यासाठीच मी व्हिडिओतून सगळं काढून टाकलं. ६४ वजा ४८ वजा १६, शून्य. बसतंय. गोंधळ सुरू. चित्रात तर बाजू पाच आहे, उणे पाच कुठे आहे? एक पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, "मॅडम, चित्र खोटं आहे का मग?" दुसरा म्हणाला, खोटं नाही, अपुरं आहे, २५ चा वर्गमूळ काढताना मायनस पाचपण येतो पण मायनस पाचाचा पुठ्ठा नाही आपल्याकडे. मग मी बगदादची गोष्ट सांगते, की तुमच्यासारखंच तोही तीनवर थांबला आणि उणे तेरा सोडून दिलं. पोरांना फार बरं वाटतं ते ऐकून. चित्राने इथपर्यंत आणलं, आता इथून पुढे बीजगणित एकटं चालणार, आणि ± लिहायला का विसरायचं नाही हे त्या पोरांना मी सांगावं लागलेलं नाही. आधीच्या वर्षांत पेपर तपासताना ± नसल्याबद्दल मी लाल पेन संपवायचे.

हे दहा मिनिटांचं भांडण व्हिडिओत मावत नाही. मी एकदा मोह होऊन −8 चा भाग व्हिडिओत घातला होता, छान समजावून, प्राण्यांच्या स्टिकरसकट. वर्गात विचारलं तर सगळे एका सुरात, "वर्गमूळ धन आणि ऋण दोन्ही असतं." पाठ. कोणीही डोकं खाजवलं नाही. मग कापून टाकला.

ज्यांचं लवकर होतं त्यांच्यासाठी एक कार्ड ठेवलेलं असतं, x² + 5x = 14. पाच पट्ट्या निम्म्या करायला गेलं की एक पट्टी उभी चिरावी लागते. कोपरा अडीच बाय अडीच, म्हणजे 25/4. काही पोरं कात्री मागतात, द्यावी. पण कार्डाच्या मागे श्रीधराचार्यांची युक्ती लिहिलेली आहे, भास्कराचार्यांनी त्यांचं नाव घेऊन दिलेली, की आधी सगळं चारने गुणा. 4x² + 20x = 56. आता दोन्हीकडे पाचचा वर्ग मिळवा, (2x + 5)² = 81, 2x + 5 = ±9, x = 2 किंवा −7. अपूर्णांक औषधालाही नाही. एका पोराने चित्र काढलं, x चे चार चौरस जोडून एक 2x चा मोठा चौरस, मग वीस पट्ट्या दोन्ही बाजूंना दहा दहा, आणि दहा पट्ट्या म्हणजे 2x लांबीच्या पाच. मी स्वतः ते चित्र तोपर्यंत कधी काढलं नव्हतं. मी त्याची वही स्टाफरूममध्ये नेऊन सगळ्यांना दाखवली, विज्ञानाचे सर म्हणाले बरं आहे, पण पोर्शन किती झाला?

हा प्रश्न चुकीचा नाही. या एका तासात माझी उदाहरणं झाली दोन, फार तर तीन. फळ्यावर शिकवते तेव्हा सात होतात. दुसऱ्या तासाला वेग येतो हे खरं, पण प्रत्येक धड्याला मी हे करत नाही, करता येणारही नाही. वर्षात पाच सहा वेळा. सूत्र पद्धत मी सरळ फळ्यावर शिकवते, अंकगणिती श्रेढीपण. ज्या ठिकाणी एखादं चित्र घरी बघून आलं की वर्गात भांडायला विषय मिळतो तिथेच उलटा तास, बाकी ठिकाणी खडू जिंदाबाद.

मायनसचा व्हिडिओ मात्र मला जमलेला नाही. x² − 6x. चौरसातून तीन रुंदीची पट्टी उजवीकडून कापायची, तेवढीच खालून कापायची. पण पहिली कापली की खालच्या पट्टीचा कोपरा तिच्याबरोबर आधीच गेलेला असतो, दुसरी पट्टी पूर्ण कापायला तो नऊचा तुकडा उसना आणून परत चिकटवावा लागतो, आणि म्हणूनच वजाबाकी असूनही अधिक नऊच. x² − 6x + 9. मी तीन वेळा शूट केलं ओट्यावर. तिन्ही वेळा तुकडा चिकटवताना माझाच हात नेमक्या त्या क्षणावर आडवा येतो आणि पोरांना दिसतं काय, तर मॅडमचा हात आला, गेला, आणि भोक बुजलं. जादूचा प्रयोग.

शेवटी यंदा व्हिडिओ दिलाच नाही, वर्गात सरळ प्रत्येक बाकावर एक चौरस, एक कात्री आणि एक चिकटपट्टी ठेवली आणि म्हटलं सहा पट्ट्या कमी करून दाखवा. पाचव्या मिनिटाला तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, कागद कमी पडतोय, नऊ चौकटींचा तुकडा मिळेल का?"